रोटी अडली की भात संपतो: ५०० पाहुण्यांच्या रिसेप्शन बुफेचा पूर्ण हिशेब



केटरिंगमध्ये उतरायचं ठरवलंय आणि पहिलीच मोठी ऑर्डर ५०० ताटांच्या रिसेप्शनची आलीय, असं धरून चला. गाव माजलगाव, महिना मे. ऊसतोडीला गेलेली मंडळी परतलेली असतात, शाळांना सुट्ट्या असतात, त्यामुळे आपल्या बीड जिल्ह्यात लग्नांची खरी गर्दी याच दिवसांत होते. अशा वेळी रात्री नऊ वाजता यजमान तुमच्याकडे येऊन म्हणाले, "अहो, भात संपला की!", तर ती बातमी दुसऱ्या दिवशी पात्रुड, तालखेड, गंगामसल्यापर्यंत गेलेली असते. पुढच्या दोन ऑर्डरी तिथेच हातच्या जातात.

म्हणून नवा माणूस काय करतो? सगळंच २० टक्के जास्त बनवतो. आणि तिथेच त्याचा नफा पातेल्यात उरतो. थोडा हिशेब बघा. समजा ताटाचा दर २२० रुपये ठरला. ५०० ताटांचे झाले १,१०,०००. किराणा, दूध, भाजीपाला असा कच्चा माल ताटामागे १२० रुपये, म्हणजे ६०,०००. आचारी, वाढपी, गॅस, टेम्पो, भांडी मिळून ३५,०००. हातात राहिले १५,०००. आता सगळा माल २० टक्के जास्त घेतला तर वरचे १२,००० गेले. रात्रभर उभं राहून तुम्ही कमावले तीन हजार!

आणि गंमत अशी की, एवढं करूनही भात संपायचा तो संपतोच. कारण बुफेत पदार्थ संपतो तो बहुतेक वेळा कमी बनवला म्हणून नाही, तर दुसरा कुठला तरी पदार्थ वेळेवर आला नाही म्हणून. हीच गोष्ट आज आकड्यांनिशी समजून घेऊ.

पाहुणे मोजू नका, खाणारे मोजा

यजमान "५०० माणूस" म्हणतात, तेव्हा त्यात लहान मुलं किती, हे आधी विचारा. आपल्या उदाहरणात ६० मुलं दहा वर्षांच्या आतली आहेत असं धरू. दोन मुलांचं मिळून एक जेवण धरायचं. म्हणजे ४४० मोठे आणि मुलांची ३०, एकूण ४७० जेवणं. माल ४७० चा भरायचा, पण ताटं-वाट्या ५०० च्या वर ठेवायच्या, कारण ताट प्रत्येक मूल घेतंच.

दुसरा प्रश्न: पाहुणे कुठून येणार आणि परत कधी जाणार? माजलगावसारख्या तालुक्याच्या गावात रिसेप्शनला दोन वेगळ्या प्रकारची माणसं येतात. एक गट आजूबाजूच्या खेड्यांतून जीप, टेम्पो करून येतो. हा गट एकदम ४०-५० च्या लोंढ्याने येतो, स्टार्टरपाशी फारसा रेंगाळत नाही, त्याला वांग्याची भाजी, पुरी, वरण-भात लागतो आणि साडेआठच्या आत परतायचं असतं. दुसरा गट गावातला, बीड-परभणीकडून गाडीने आलेला, नोकरदार, तरुण. हा आठनंतर येतो, स्टार्टरच्या काउंटरवर गप्पा मारतो, पनीरकडे वळतो आणि शेवटी आईस्क्रीमला रांग लावतो.

ऑर्डर घेतानाच यजमानांना विचारा, "दादा, यातले खेड्यातले किती आणि गावातले किती?" निम्मे-निम्मे असतील तर मेनू एक येतो आणि एका बाजूलाच झुकलेले असतील तर दुसरा. खाली दिलेली मापं निम्म्या-निम्म्याची आहेत.

पोट एकच आहे

बुफे कितीही मोठा करा, माणसाचं पोट तेवढंच राहतं. पूर्ण शाकाहारी रिसेप्शनला एक मोठा माणूस सगळं मिळून साधारण साडेसहाशे ते सातशे ग्रॅम खातो, पाणी आणि आईस्क्रीम वेगळं. हे अंदाजाचं माप आहे. दोन-तीन कार्यक्रमांत तुम्ही स्वतः ताडून बघा आणि आपल्या भागाप्रमाणे बदला. पण सुरुवातीला हे माप धरून मेनूची वाटणी करता येते:

- स्टार्टर: ४ नग, मिळून ९० ग्रॅम
- भाज्या: सगळ्या मिळून १७० ग्रॅम
- रोटी-पुरी: अडीच रोट्यांइतकी, सुमारे १२० ग्रॅम
- भात: शिजलेला १३० ग्रॅम, म्हणजे कच्चा तांदूळ ५० ग्रॅम
- वरण किंवा दाल: ८० ग्रॅम
- गोड: ९० ग्रॅम

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. यजमान म्हणाले, "अजून एक भाजी वाढवा", तर १७० ग्रॅमचे ३४० होत नाहीत. फार तर १९०-२०० होतात, कारण माणूस चवीपुरतं नवीन घेतो आणि तेवढं जुन्यातून कमी करतो. त्यामुळे भाजी वाढली की प्रत्येक भाजीचं माप कमी करायचं. नवे केटरर नेमके इथेच अडकतात. ते तीन भाज्या प्रत्येकी ५०० माणसांच्या हिशेबाने बनवतात आणि रात्री अकराला तीन घमेली भाजी कुणाला द्यायची ते शोधत फिरतात.

आणि भाज्यांची वाटणी सारखी करायची नाही. आपल्या ४७० जेवणांना १७० ग्रॅमप्रमाणे ८० किलो भाजी लागते. ती अशी करा: पनीरची ग्रेव्ही ३६ किलो, वांगी-बटाटा २८ किलो, सुकी मिक्स भाजी १६ किलो. पनीरच्या ३६ किलो ग्रेव्हीत पनीर १४-१५ किलो पडेल. खेड्यातला गट जास्त असेल तर वांग्याचा आणि पनीरचा आकडा सरळ अदलाबदल करा.

बाकीचा माल असा येतो. तांदूळ २४ किलो, त्यातला १६ किलो जिरा राईस किंवा मसालेभाताला आणि ८ किलो साध्या भाताला. तूरडाळ ८ किलो, कारण एका किलोचं साडेचार-पाच किलो वरण होतं. गुलाबजाम माणशी सव्वा, म्हणजे ६०० नग. मूगडाळीचा हलवा माणशी ४० ग्रॅम, म्हणजे १९ किलो. थंडीत हाच हलवा माणशी ६० ग्रॅम लागतो, पण मे महिन्यात लोक तुपाच्या गोडाकडे कमी वळतात आणि आईस्क्रीमकडे जास्त. म्हणून आईस्क्रीमचे कप मात्र ५०० वर दहा टक्के जास्त, ५५० ठेवा. मुलं दोनदा येतात, आणि त्यांना नाही म्हणता येत नाही.

मेनू ठरवताना कढई बघा

मेनूचा समतोल म्हणजे फक्त चवीचा नाही. जागेचा आणि मालाचाही असतो.

समजा यजमानांनी स्टार्टरला कोथिंबीर वडी, छोटे समोसे आणि पनीर चिली सांगितली, जेवणात पुरी, पापड, भजी सांगितली. आता मोजा, तळणीचे पदार्थ किती झाले? सहा. आणि तुमच्याकडे मोठ्या कढया किती? दोन. साडेआठ वाजता वडी मागणारे पाहुणे अजून उभे आहेत, तेव्हाच पुरीची रांग लागली आहे आणि पापडही संपले आहेत. माल सगळा आहे, पण कढई मोकळी नाही. म्हणजे पाहुण्यासाठी तो पदार्थ संपलाच.

म्हणून नियम ठेवा: एका वेळी एका कढईवर एकच गरम पदार्थ. पापड सहाच्या आत तळून घट्ट डब्यात भरायचे. कोथिंबीर वडी दुपारी वाफवून, कापून ठेवायची आणि संध्याकाळी फक्त तळायची. भजी मेनूतून प्रेमाने काढून टाकायची. पुरीची कढई साडेसातनंतर पुरीशिवाय कुणालाही द्यायची नाही.

असंच दुधाचं. पनीर चिलीत सुमारे ८ किलो पनीर, ग्रेव्हीत १४-१५ किलो, वर गुलाबजामला खवा. मोठ्या तिथीला सगळ्या कार्यालयांत लग्नं असतात, तेव्हा पनीर आणि खवा दोन्ही ऐन वेळी महागतात किंवा मिळत नाहीत. स्टार्टर आणि भाजी यांपैकी एकाच ठिकाणी पनीर ठेवलं तर हा धोका निम्मा होतो. यजमान ऐकत नसतील तर पनीरची ऑर्डर आधी पक्की करा आणि माल आल्याबरोबर बर्फात ठेवा. मे महिन्याच्या दुपारी उघड्यावर राहिलेलं पनीर हाताला चिकट लागतं, आंबूस वास येतो. असं पनीर धुऊन वापरायचं नाही, टाकून द्यायचं.

आता मुख्य मुद्दा: मिनिटाला किती?

आतापर्यंत आपण किलो मोजले. बुफे मात्र मिनिटांवर चालतो.

रिसेप्शन सात ते साडेदहा असलं तरी ५०० माणसं साडेतीन तासांत सारखी पसरत नाहीत. साडेआठ ते नऊ या अर्ध्या तासात सहज १५० माणसं जेवणाचं ताट हातात घेतात. म्हणजे मिनिटाला ५ माणसं. पहिल्या फेरीत प्रत्येक जण दोन रोट्यांइतकं घेतो.

समजा यजमान म्हणाले, "पुरी जुनी झाली, फक्त तंदुरी रोटी ठेवा." मागणी झाली मिनिटाला १० रोट्या, अर्ध्या तासात ३००. आता तंदूर भट्टी किती देते? एका भट्टीवर एक चांगला कारागीर आणि गोळे करून देणारा एक मदतनीस असेल, तर मिनिटाला तीन-चार रोट्या निघतात. साडेतीन धरा. अर्ध्या तासात १०५. म्हणजे जवळपास २०० रोट्यांची तूट! दोन भट्ट्या लावल्या तरी २१० होतात, ९० कमीच. बरं, तंदुरी रोटी आधी करून ठेवता येत नाही, पाच-सात मिनिटांत ती वातड होते.

आणि मग पुढे काय होतं ते बघा. पाहुण्याच्या ताटात भाजी आहे, रोटी नाही. तो दोन मिनिटं थांबतो, मग भाजी नुसतीच खायला लागतो. रोटी आली की पुन्हा भाजी घेतो, म्हणजे पनीर दीडपट गेलं. जो थांबत नाही, तो सरळ भाताकडे वळतो आणि पोटभर भात वाढून घेतो. माणशी ५० ग्रॅम तांदळाचा आपला हिशेब ८० वर जातो. पावणेदहाला भात संपतो. यजमान म्हणतात, "तांदूळ कमी घेतला." तुम्हालाही तसंच वाटतं आणि पुढच्या ऑर्डरला तुम्ही तांदूळ वाढवता. पण कमी पडली होती ती भट्टी!

यावर उपाय म्हणजे मागणी दोन ठिकाणी वाटून देणे. दोन पुऱ्या म्हणजे एक रोटी असं धरा. पाहुणा एक रोटी आणि दोन पुऱ्या घेईल अशी मांडणी केली, तर मिनिटाला ५ रोट्या आणि १० पुऱ्या लागतात. दोन भट्ट्या ७ रोट्या देतात, म्हणजे थोडी सवड राहिली. पुरीला मोठी कढई एक पुरते, कारण तळायला वेळ लागत नाही. अडतं ते लाटण्यापाशी. एक बाई मिनिटाला चार-पाच पुऱ्या लाटते, म्हणून लाटणाऱ्या तीन ठेवा, दोन नाही. म्हणजे एखादी पाणी प्यायला उठली तरी कढई थांबत नाही. पुरी तळून दहा मिनिटं चांगली राहते, त्यामुळे गर्दीच्या आधी शंभरएक पुऱ्यांचा साठा काउंटरवर करता येतो. हा साठा गर्दीचा पहिला धक्का खातो.

पूर्ण कार्यक्रमाला ७०० रोट्या आणि ९५० पुऱ्या लागतील. रोटीला पीठ सुमारे ३५ किलो, पुरीला १६ किलो.

आणखी एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. रोटी-पुरीचं काउंटर भाजीच्या रांगेत बसवू नका, सहा-सात पावलं लांब, वेगळं ठेवा. एकाच रांगेत सगळं असेल तर रोटीसाठी थांबलेला एक माणूस मागच्या तीस जणांना थांबवतो. भाजी-भाताचं टेबल दोन्ही बाजूंनी घेता येईल असं मधोमध लावा. कोशिंबीर, लोणचं, पापड या गोष्टी निवडत लोक रेंगाळतात, म्हणून त्या टेबलाच्या शेवटी.

सत्काराची वेळ आणि स्टार्टर

आपल्याकडे रिसेप्शनमध्ये एक हमखास गोष्ट असते. पाहुणे पुढारी यायचे असतात, सत्कार व्हायचे असतात, आणि यजमान सांगतात, "साहेब येईपर्यंत जेवण उघडू नका." तासभर लोक स्टार्टरवर उभे राहतात. ४ नगांचे ६ होतात. आपण ४७० जेवणांना १,८८० नग केले होते: वडी ७००, पनीर चिली ७००, समोसे ४८०. सहा नगांनी ते पहिल्या ३१३ माणसांतच संपतात. मग उशिरा आलेल्यांना स्टार्टर नाही, आणि पोट भरलेल्यांमुळे जेवण उरतं. एकाच रात्री एक पदार्थ संपला आणि दुसरा उरला!

यावर उपाय स्वयंपाकघरात नाही, ठरावात आहे. ऑर्डर लिहून घेताना जेवण उघडण्याची वेळ लिहून घ्या. शक्य असेल तर साडेसातलाच मुख्य जेवणाचा एक भाग उघडा: वांगी-बटाटा, पुरी, वरण, भात. खेड्यातली मंडळी आणि वयस्कर माणसं जेवून मोकळी होतात, गर्दीच्या अर्ध्या तासातली शंभर-सव्वाशे माणसं आधीच कमी होतात आणि सत्कारालाही कुणाची हरकत राहत नाही. वयस्करांसाठी बाजूला चाळीस-पन्नास खुर्च्या-टेबलं लावून तिथे वाढपी दिले, तर बुफेत पंगतीचा मानही राखला जातो.

स्टार्टर एकदम बाहेर काढायचे नाहीत. साडेसात, आठ आणि साडेआठ अशा तीन वेळा, दर वेळी साधारण एक तृतीयांश. जेवण पूर्ण उघडलं की स्टार्टरचा तिसरा भाग फक्त उशिरा येणाऱ्यांसाठी ट्रेमधून फिरवायचा.

ताटांच्या थप्प्या हेच तुमचं मीटर

कार्यक्रम चालू असताना काय संपणार आहे, हे पाऊण तास आधी कळायला हवं. त्यासाठी काही महागडं लागत नाही. जेवणाची ताटं पन्नास-पन्नासच्या थप्पीत लावा आणि स्टार्टरला वेगळ्या छोट्या डिश द्या, म्हणजे मोजणीत घोळ होत नाही. चार थप्प्या उचलल्या गेल्या म्हणजे २०० जण जेवायला गेले. काही जण दुसरं ताट घेतात, तेवढा फरक चालतो. त्याच वेळी आत जाऊन पातेली बघा.

उदाहरण घेऊ. पनीर ग्रेव्ही ३६ किलो, ताटं ५००. म्हणजे ताटामागे ७२ ग्रॅम. २०० ताटांनंतर १४-१५ किलो गेली पाहिजे, २१ च्या आसपास उरली पाहिजे. तुम्ही बघितलं तर उरली आहे १७. म्हणजे १९ किलो गेली, ताटामागे ९५ ग्रॅम. याच वेगाने उरलेल्या ३०० ताटांना साडेअठ्ठावीस किलो लागेल. हातात १७. साडेअकरा किलो कमी पडणार, हे तुम्हाला साडेआठलाच कळलं!

आता करायला वेळ आहे. पहिलं काम, पनीरचं भांडं टेबलावर पहिलं असेल तर ते वांग्याच्या नंतर सरकवा. रिकाम्या ताटात पहिला पदार्थ लोक नेहमी जास्त वाढतात. दुसरं, पळी बदला. मोठी पळी काढून लहान पळी ठेवा आणि तिथे वाढपी उभा करा. कंजूषपणा दिसेल अशी वाढ नको, "पुन्हा घ्या हं काका" म्हणत कमी वाढायचं. तिसरं, ग्रेव्हीचा मसाला सुरुवातीलाच वेगळा राखून ठेवला असेल तर त्यात उकडलेले बटाटे-मटार घालून दुसरी भाजी बाहेर काढा. म्हणूनच पनीर एकदम सगळं ग्रेव्हीत टाकायचं नसतं. शंभर-शंभर माणसांचं करत जायचं. न घातलेलं पनीर बर्फात टिकतं, घातलेलं उरलं तर गेलं.

हीच मोजणी २००, ३०० आणि ४०० ताटांना करा. एका मुलाला हेच काम द्या: वही, पेन, थप्पी आणि पातेलं. दुसरं कुठलंही काम त्याला सांगायचं नाही.

राखीव माल: शंभर माणसांचा, दीड हजारांत

आता राहिला प्रश्न, ५०० सांगून ६०० आले तर? आपल्याकडे हे होतंच. घरटी एक पत्रिका असते, पण येताना घर येतं.

राखीव सगळ्याचं ठेवायचं नाही. जे स्वस्त आहे, कच्चं टिकतं आणि अर्ध्या तासात ताटात येतं, तेवढंच ठेवायचं. तांदूळ ६ किलो, तूरडाळ २ किलो, पुरीचं पीठ ४ किलो, तेल २ लिटर, बटाटे-कांदे १० किलो. तांदूळ ६० रुपये, डाळ आणि तेल १५० रुपये, पीठ ४० रुपये आणि बटाटे-कांदे ३० रुपये असे भाव धरले, तर हे सगळं १,४२० रुपयांत येतं. यातून १२० जणांचा भात, शंभरएक जणांचं वरण, सव्वादोनशेच्या वर पुऱ्या आणि बटाट्याचा रस्सा निघतो. म्हणजे शंभर माणसं पोटभर जेवतील, गोडाचं माप थोडं आखडावं लागेल एवढंच. आणि लागलं नाही, तर माल कच्चाच आहे, पुढच्या ऑर्डरला चालतो. कुठे हे १,४२० आणि कुठे वरचे १२,०००!

फक्त एक अट. हा निर्णय वेळेवर घ्यावा लागतो. तांदळाला आधण येऊन भात बाहेर जायला अर्धा तास लागतो. म्हणून साडेआठ वाजता थप्प्या बघा. तोपर्यंत ३०० ताटं उचलली गेली असतील आणि दारात अजून गर्दी असेल, तर यजमानांना विचारत बसू नका, आधण ठेवा. सव्वानऊला सुरुवात केली तर भात तयार होईपर्यंत लोक हात धुवून निघालेले असतात.

शंभर जास्त ताटांचे पैसे मिळतील का, हा वेगळा वाद असतो, आणि तो रात्री अकराला घालायचा नसतो. म्हणून ऑर्डरच्या कागदावर दोन ओळी आधीच लिहा: किमान किती ताटांचे पैसे ठरले, आणि त्यावरच्या प्रत्येक ताटाचा दर काय. मोजणी ताटांच्या थप्प्यांवरून होईल आणि ती यजमानांच्या घरच्या एका माणसासमोर होईल, हेही लिहा. रात्री नऊला त्यांचा तो माणूस तुमच्या वहीवाल्या मुलाशेजारी उभा असला की शेवटी भांडण होत नाही.

उरलेल्या अन्नाबद्दल एक इशारा. गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर राहिले पाहिजेत, म्हणजे भांड्याखालचं पाणी वाफाळतंय आणि भाजीतून वाफ येतेय एवढं तरी दिसलं पाहिजे. मे महिन्यात चार तास काउंटरवर कोमट पडलेलं पनीर किंवा खव्याचं गोड यजमान डब्यात भरून मागतात, तेव्हा नम्रपणे नाही म्हणा. दुसऱ्या दिवशी कुणाला उलट्या झाल्या तर नाव तुमचंच येतं. आत झाकून गरम ठेवलेला भात, वरण लगेच द्यायला हरकत नाही.

या आठवड्यात करायचं काम

ऑर्डर नसेल तरी हे करता येतं. ओळखीच्या एखाद्या आचाऱ्याच्या कार्यक्रमाला घड्याळ आणि वही घेऊन जा. भट्टीजवळ दहा मिनिटं उभं राहून मिनिटाला किती रोट्या निघतात ते मोजा. लाटणाऱ्या बाईजवळ पाच मिनिटं. मग भाजीच्या टेबलाजवळ उभं राहून मिनिटाला किती माणसं पुढे सरकतात ते मोजा. माझे आकडे साडेतीन, साडेचार आणि पाच आहेत. तुमच्या आचाऱ्याचे वेगळे असतील, आणि ऑर्डर घेताना तुमच्या कामाला तेच येतील. ते तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढचे यजमान "फक्त तंदुरी रोटीच हवी" म्हणाले, की ते पान उघडा आणि त्यांच्यासमोरच गुणाकार करून दाखवा.